दोन देश, एक युक्तिवाद: औद्योगिक धोरणावरचा तौलनिक निबंध कसा बांधावा

नाशिकमधल्या अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्राच्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांचे तौलनिक निबंध मी बरेच वाचतो. त्यांतले बहुतेक एकाच साच्यातून निघालेले असतात. आधी सहा पानं दक्षिण कोरिया, मग सहा पानं दुसरा कुठला तरी देश, आणि शेवटच्या अर्ध्या पानावर ‘अशा प्रकारे दोन्ही देशांच्या धोरणांत काही साम्ये व काही भेद आढळतात’. माहिती चुकीची नसते, मेहनतही दिसते, पण निबंधाने काहीच म्हटलेलं नसतं.

आपला निबंध त्या साच्यातला आहे का, हे ओळखायला दोन रंगांचे हायलाइटर पुरतात. पहिल्या देशाबद्दलची वाक्यं पिवळी करा, दुसऱ्याबद्दलची हिरवी. दोन्ही देश एकाच वाक्यात आले असतील तर ते वाक्य कोरं सोडा. रंग मध्यावर एकदाच बदलत असेल तर तुमच्याकडे एका पिनेत अडकवलेले दोन निबंध आहेत. परिच्छेदागणिक पिवळा-हिरवा-पिवळा-हिरवा येत असेल तर मार्गदर्शकाने ‘मुद्देनिहाय लिहा’ असं सांगितलं आणि तुम्ही जुनाच मजकूर कापून विणला, एवढंच झालं. युक्तिवाद करणाऱ्या निबंधात कोरी वाक्यं बरीच असतात, आणि ती परिच्छेदाच्या सुरुवातीला किंवा शेवटी, म्हणजे मोक्याच्या जागी असतात.

हे सगळं हवेत सांगण्यापेक्षा एक जोडी घेऊन शेवटपर्यंत नेतो: दक्षिण कोरिया आणि मलेशिया, आणि दोघांच्याही धोरणातला फक्त मोटार उद्योग. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या शेडमध्ये सुटे भाग बनताना पाहिलेल्या मुलांना या उद्योगाची भाषा परकी वाटत नाही, हे एक कारण. दुसरं आणि खरं कारण असं, की तुलनेला लागणाऱ्या जवळजवळ सगळ्या गोष्टी या जोडीत आयत्या मिळतात.

जोडी का जमते, हे आधी स्वतःला सांगा

कोरियाने १९६२ मध्ये कायदा करून तयार गाड्यांची आयात बंद केली. पुढची बारा-तेरा वर्षं तिथे परदेशी गाड्यांची जुळणीच चालली होती. ह्युंदाईने १९६८ पासून फोर्डची कॉर्टिना जोडायला घेतली. मग १९७४ च्या सरकारी योजनेने कंपन्यांना बजावलं, की स्वतःची छोटी गाडी आणा. इंजिन १,५०० सीसीपेक्षा लहान, किंमत सुमारे २,००० डॉलर, आणि बहुतांश भाग देशातले. १९७५ च्या शेवटी ह्युंदाईची पोनी आली. रचना इटलीच्या जुजारोची होती, इंजिन आणि गिअरबॉक्सचं तंत्र जपानच्या मित्सुबिशीचं.

मलेशियात महाथिर मोहम्मद १९८१ मध्ये पंतप्रधान झाले. १९८३ मध्ये प्रोटॉन ही राष्ट्रीय मोटार कंपनी निघाली. तिचं ७० टक्के भागभांडवल सरकारी हायकॉम महामंडळाकडे होतं आणि ३० टक्के मित्सुबिशी गटाकडे. जुलै १९८५ मध्ये प्रोटॉन सागा बाजारात आली, तीही मित्सुबिशीच्याच लान्सरवर बेतलेली. स्पर्धक गाड्यांवर चढे कर होते, प्रोटॉनला सवलती होत्या.

म्हणजे दोन आशियाई देश, दोघांकडे कणखर नेता, दोघांकडे आयातीपासून संरक्षण, दोघांचं स्वप्न ‘आपली गाडी’ आणि दोघांचा तंत्रज्ञान देणारा भागीदारही एकच. एवढं सारखं असूनही ह्युंदाई जगभर पसरली, तर प्रोटॉनचं ४९.९ टक्के भागभांडवल २०१७ मध्ये चीनच्या जीली या मोटार कंपनीने घेतलं. जिथे पुष्कळ गोष्टी सारख्या असतात आणि निकाल मात्र वेगळा लागतो, तिथे प्रश्न आपोआप उभा राहतो. कोरिया आणि ब्राझील किंवा भारत आणि सिंगापूर घेतलं तर सगळंच वेगळं असतं. मग कोणत्या फरकाने काय घडलं, हे सांगता येत नाही. विद्यार्थी जोडी निवडतात ती बहुधा वाचनालयात कोणत्या देशावर पुस्तक मिळालं त्यावरून. हे समजण्यासारखं आहे, पण जोडी जुळते की नाही हे एका परिच्छेदात लिहून पाहा. तो परिच्छेद जमत नसेल तर देश बदला, त्यात कमीपणा नाही.

निकाल कशाने मोजणार?

इथे बहुतेक निबंध पहिल्यांदा घसरतात आणि लिहिणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. ‘कोरिया यशस्वी, मलेशिया अयशस्वी’ असं गृहीत धरून लिहायला सुरुवात होते. यश म्हणजे काय, हे कुठेच ठरवलेलं नसतं.

समजा, ‘स्वतःचं इंजिन’ हे माप धरलं. ह्युंदाईचं स्वतः विकसित केलेलं पहिलं इंजिन, अल्फा, १९९१ मध्ये आलं. पोनीपासून धरली तर साधारण सोळा वर्षं लागली. प्रोटॉनचं कॅम्प्रो इंजिन २००४ मध्ये गाडीत बसलं, म्हणजे सागापासून एकोणीस वर्षांनी. सोळा आणि एकोणीस! या मापाने फरक एवढा थोडा आहे, की त्यावर निबंध उभा राहत नाही. उलट, ‘दोघेही साधारण सारख्याच गतीने शिकले’ असा निबंध त्यावर लिहिता येईल आणि तोही चुकीचा ठरणार नाही.

आता माप बदलू. संरक्षित घरच्या बाजाराबाहेर, जिथे सरकार मदतीला येऊ शकत नाही, तिथे गाडी खपते का? पोनी १९७६ मध्येच इक्वेडोरला रवाना झाली. १९८६ मध्ये, म्हणजे पोनीनंतर दहा-अकरा वर्षांनी, ह्युंदाई एक्सेल अमेरिकेत उतरली आणि पहिल्याच वर्षी तिथे सुमारे १ लाख ६८ हजार गाड्या विकल्या गेल्या. प्रोटॉन १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये गेली, पण तिची बहुतेक विक्री पुढेही घरच्याच संरक्षित बाजारात होत राहिली. इथे फरक मोठा आहे, आणि तोच समजावून सांगायचा आहे.

तर प्रस्तावनेत एक वाक्य स्पष्ट घाला: ‘या निबंधात यश म्हणजे संरक्षणाबाहेरच्या बाजारात टिकण्याची क्षमता.’ त्याच्यापुढे आणखी एक वाक्य, की इंजिन हे माप घेतलं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं. आपण खड्डा लपवत नाही आहोत, हे परीक्षकाला त्या दुसऱ्या वाक्यावरून कळतं. आणि पुढे कुणी ‘पण कॅम्प्रोचं काय?’ असं विचारलं तर उत्तर तयार असतं.

प्रबंधवाक्य: जे कुणाला तरी नाकारता येईल

‘कोरिया आणि मलेशिया यांनी मोटार उद्योगासाठी वेगवेगळी धोरणे अवलंबली आणि त्यांना वेगवेगळे परिणाम मिळाले.’ हे वाक्य कुणीच नाकारणार नाही, म्हणून ते बाद.

‘कोरियाचे धोरण अधिक प्रभावी होते कारण तिथे निर्यातीवर भर होता.’ थोडं बरं आहे. पण इथे कारण आणि परिणाम जवळजवळ एकच झाले आहेत. आपण यश निर्यातीनेच मोजतो आहोत आणि कारणही निर्यातीवरचा भर देतो आहोत. निर्यातीवर भर द्यायचा असं मलेशियालाही कागदावर वाटतच होतं. तिथे कंपनीला ते करावं का लागलं नाही, हा खरा प्रश्न.

इथे अंबडच्या एका मुलीने वर्गात विचारलेली गोष्ट सांगतो, कारण प्रबंधवाक्य तिथून सापडलं. तिच्या वडिलांचं प्रेस पार्ट्सचं छोटं युनिट आहे. ती म्हणाली, ‘सर, आमच्याकडे पार्ट रिजेक्ट झाला की डेबिट नोट येते. तीन-चार वेळा आली की ऑर्डरचा आमचा वाटा शेजारच्या वेंडरला जातो. कोरियात हे सरकार करत होतं का? आणि मलेशियात शेजारचा वेंडरच नव्हता का?’ संरक्षण देणाऱ्याला ते काढून घेता येतं का, आणि काढून कुणाला द्यायचं, हे दोन्ही प्रश्न तिच्या बोलण्यात आले होते.

त्यातून बनलेलं वाक्य असं: ‘दोन्ही देशांनी मोटार उद्योगाला सारखंच संरक्षण दिलं आणि भागीदारही एकच घेतला, तरी कोरियाची कंपनी बाहेरच्या बाजारात टिकली, कारण कोरियन सरकार अपेक्षा पूर्ण न करणाऱ्या कंपनीला बाजूला सारू शकत होतं, तर मलेशियन सरकारने आपल्या एकमेव कंपनीवर सामाजिक पुनर्वाटपाचीही जबाबदारी टाकल्याने तिला अपयशी ठरू देणं त्याला राजकीयदृष्ट्या परवडणारं नव्हतं.’

लांब आहे, मान्य. पहिल्या खर्ड्यात लांबच असू द्या. त्यात ‘तरी’ आहे आणि ‘कारण’ आहे, दोन्ही देश एकाच वाक्यात आहेत, आणि ते नाकारता येतं. कुणी म्हणेल, छे, मलेशियाची बाजारपेठच लहान होती. निबंधाला असा विरोधक हवाच असतो. मदत आणि त्याबदल्यात कामगिरीची अट ही कल्पना मुलीची किंवा माझी नव्हे. पूर्व आशियावरच्या अभ्यासात ती १९८० च्या दशकापासून चर्चेत आहे. तुम्ही जिथे वाचली असेल तो संदर्भ द्या.

आराखडा: शेवटचा रकाना आधी भरा

आडवा ए-फोर कागद घ्या आणि चार रकाने पाडा. पहिल्यात युक्तिवादाची पायरी, दुसऱ्यात कोरियाचा पुरावा, तिसऱ्यात मलेशियाचा पुरावा, चौथ्यात ‘म्हणून काय?’. सवयीने सगळे मधले दोन रकाने आधी भरतात आणि चौथ्यापाशी येईपर्यंत दमतात. तुम्ही उलट करा. चौथा रकाना आधी भरा, मग पहिला, आणि पुरावा सगळ्यात शेवटी. चौथ्या रकान्यात काही सुचत नसेल, तर ती माहिती कितीही रंजक असली तरी निबंधात तिला जागा नाही.

आपल्या जोडीसाठी चौथ्या रकान्यात वरून खाली साधारण हे येईल: संरक्षण हे फरकाचं कारण असू शकत नाही, कारण ते दोन्हीकडे आहे. फरक पडला तो पर्यायी कंपनी असण्यानसण्यात. पर्याय नसण्यामागे राजकीय कारण होतं, ती नजरचूक नव्हती. बाजाराचा आकार आणि नशीब यांनी फरकाचा काही भाग समजतो, सगळा नाही. पाच-सहा ओळींच्या वर जाऊ नका. या ओळी सलग वाचल्या तर निबंधाचा सारांश वाटला पाहिजे, आणि त्यांत एकही ओळ नुसत्या एका देशाबद्दलची नसावी.

शब्दांची वाटणी समान करू नका. तीन हजार शब्दांच्या निबंधात साम्याचा भाग चारशे शब्दांत उरका, कारण तिथे वाद नाही. पर्याय आणि राजकारण या दोन पायऱ्यांना मिळून तेराशे-चौदाशे द्या. प्रतिस्पर्धी स्पष्टीकरणांना सात-आठशे लागतात. दोन्ही देशांना सारखे शब्द मिळालेच पाहिजेत, असं कुणी सांगितलेलं नाही. राजकारणाच्या पायरीवर मलेशियाला दुप्पट जागा लागते. लागू द्या.

एक पायरी पूर्ण उलगडून

‘पर्यायी कंपनी’ ही मधली पायरी घेऊ. साच्यातला परिच्छेद असा येतो:

‘कोरियामध्ये १९६० च्या दशकात शिनजिन ही प्रमुख कंपनी होती. तिचा टोयोटाशी करार होता. १९७२ मध्ये टोयोटा बाहेर पडली व जनरल मोटर्स आली. नंतर ही कंपनी देवू समूहाकडे गेली. किया ही दुसरी कंपनी होती…’

सगळं खरं आहे, आणि सगळं कालक्रमाने. कालक्रम हा वर्णनाचा सांगाडा आहे. ‘नंतर’, ‘त्यानंतर’, ‘पुढे’ या शब्दांनी वाक्यं सुरू व्हायला लागली की समजा, युक्तिवाद सुटला. तीच माहिती वादाला जुंपली की अशी दिसते:

‘संरक्षण काढून घेण्याची धमकी खरी वाटायची तर संरक्षण दुसऱ्या कुणाला तरी देता आलं पाहिजे. कोरियन सरकारकडे ही सोय होती. साठच्या दशकात त्याची सर्वांत लाडकी मोटार कंपनी ह्युंदाई नव्हती, शिनजिन होती. टोयोटा निघून गेल्यावर शिनजिन कर्जात रुतली, तेव्हा सरकारी विकास बँकेने १९७६ मध्ये तिचं भागभांडवल ताब्यात घेतलं आणि दोनच वर्षांत ते देवूकडे गेलं. कारखाना वाचवला, मालकाला वाचवलं नाही. कुआलालंपूरमध्ये असा बदल करायला दुसरी राष्ट्रीय कंपनीच नव्हती. प्रोटॉनची विक्री सुरुवातीच्या मंदीत खालावली तेव्हा १९८८ मध्ये सरकारने व्यवस्थापन मित्सुबिशीकडून आलेल्या माणसाच्या हाती दिलं. पण संरक्षण जसंच्या तसं राहिलं. कोरियात मालक बदलला, मलेशियात मॅनेजर.’

या परिच्छेदाची घडण पाहा. पहिलं वाक्य कोणत्याच देशाचं नाव घेत नाही, ते यंत्रणा सांगतं. परिच्छेदाचं पहिलं वाक्य देशाच्या नावाने सुरू होत असेल तर ते पुन्हा लिहायचं, हा नियम मी जवळजवळ अपवादाशिवाय पाळायला लावतो. मग पुरावा येतो, आणि शेवटचं वाक्य दोन्ही देशांना एकत्र आणून फरक एका ओळीत पकडतं. सरकारने व्यवस्थापन बदललं, ही आपल्या विरोधात जाणारी गोष्ट आहे. ती लपवली नाही, उलट तिच्यामुळेच ‘शिस्त’ या ढोबळ कल्पनेचे दोन प्रकार वेगळे झाले.

इथेच एक मोह आवरावा लागतो. १९८१ मध्ये कोरियन सरकारने कियाला मोटारगाड्या बनवणं थांबवायला लावलं आणि फक्त ट्रक-बससारख्या व्यावसायिक वाहनांपुरतं ठेवलं. ती बंदी १९८७ पर्यंत टिकली. ‘बघा, वाईट कामगिरीची शिक्षा!’ असं लिहावंसं वाटतं. पण ती शिक्षा नव्हती. मंदीत जास्त झालेली उत्पादनक्षमता कमी करायला केलेली ती वाटणी होती; कियाची गाडी काही टाकाऊ नव्हती. म्हणजे या घटनेने सरकारची ताकद सिद्ध होते, कामगिरीची अट सिद्ध होत नाही. घटना वापरा, पण तेवढ्यापुरतीच. प्रत्येक पुराव्यापुढे पेन्सिलने लिहा, की यातून नेमकं काय सिद्ध होतं. निबंध तपासताना मला सर्वांत जास्त लाल शाई इथेच लागते.

राजकारणाच्या पायरीला घाई करू नका

पर्याय का नव्हता, इथे मुलं दोन ओळींत ‘मलेशियात राजकीय हस्तक्षेप व भ्रष्टाचार होता’ म्हणून मोकळी होतात. कोरियात हस्तक्षेप कमी होता का? पार्क चुंग-ही १९६१ मध्ये लष्करी उठावातून सत्तेवर आले, त्याच वर्षी बँका सरकारच्या मुठीत गेल्या, आणि कोणाला कर्ज मिळणार हे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातून ठरायचं. हस्तक्षेप दोन्हीकडे भरपूर होता, तेव्हा त्याने फरक समजत नाही.

फरक समजतो तो हस्तक्षेप कशासाठी होता यावरून. मलेशियात मे १९६९ मध्ये मलय आणि चिनी समाजांत दंगली झाल्या. त्यानंतर १९७१ पासूनच्या नव्या आर्थिक धोरणाने ठरवलं, की १९९० पर्यंत कंपन्यांच्या भागभांडवलातला ३० टक्के वाटा मलय व अन्य भूमिपुत्रांकडे यावा. त्या काळात देशात गाड्या जोडणारे बरेच कारखाने आधीच होते, आणि त्यांतले अनेक चिनी वंशाच्या मलेशियन उद्योजकांचे होते. अनुभव त्यांच्याकडे होता. पण प्रोटॉन त्यांच्या हाती द्यायची तर धोरणाचा दुसरा हेतूच मोडला असता. म्हणून नवी सरकारी कंपनी, आणि सुटे भाग पुरवणारे भूमिपुत्र वेंडरही तिनेच हात धरून उभे करायचे.

आता अंबडच्या मुलीचा प्रश्न इथे लावा. वेंडर उभा करणं हेच कंपनीचं उद्दिष्ट असेल, तर वेंडरचा माल महाग किंवा सदोष निघाल्यावर त्याला काढणार कसं? आणि अशा वेंडरांवर उभ्या असलेल्या कंपनीला सरकार निर्यातीच्या बाजारात बुडू देणार कसं? दक्षिण-पूर्व आशियाई देशांच्या मुक्त व्यापार करारात मोटारींवरचे कर कमी करणं मलेशियाने २००५ पर्यंत पुढे ढकललं, ते यामुळेच समजतं. याला ‘भ्रष्टाचार’ म्हणून सोडून देणं म्हणजे स्पष्टीकरण अर्ध्यावर टाकणं. सरकारने एकाच साधनाकडून दोन कामं मागितली आणि दुसऱ्या कामामुळे पहिल्याची अट लावता येईना. प्रामाणिक निबंधाने हेही नोंदवावं, की मलय मध्यमवर्ग उभा करणं या मापाने पाहिलं तर प्रोटॉनचा हिशेब इतका वाईट दिसणार नाही.

विरोधकाला नीट बसायला जागा द्या

प्रतिस्पर्धी स्पष्टीकरण शेवटच्या पानावर ‘अर्थात, इतर घटकही महत्त्वाचे आहेत’ एवढ्यात गुंडाळलं, तर ते नसलेलंच बरं. दोनच घ्या, पण सर्वांत तगडी.

पहिलं, बाजाराचा आकार. १९८० च्या सुमारास कोरियाची लोकसंख्या ३ कोटी ८० लाखांच्या आसपास होती, मलेशियाची दीड कोटीहूनही कमी. छोट्या बाजारात गाड्या कमी खपतात, प्रत्येक गाडीचा खर्च वाढतो, म्हणून स्पर्धा जमत नाही. जोरदार मुद्दा आहे. पण पोनी आली त्या १९७५ मध्ये कोरियाचं दरडोई उत्पन्न सुमारे ६०० डॉलर होतं. सागा आली तेव्हा मलेशियन माणूस त्याहून बराच सधन होता. गाडी घेऊ शकणाऱ्यांचा बाजार कोरियातही इवलासाच होता. छोटा बाजार हे निर्यात न जमण्याचं कारण असेल, तर तेच निर्यात करावी लागण्याचंही कारण ठरू शकतं. कोणतं ठरणार, हे अटीवर अवलंबून. इतकं लिहून मग मान्य करा, की पुढे कोरियाचा घरचा बाजार वाढला त्याचा ह्युंदाईला फायदा झालाच.

दुसरं, नशीब. १९८१ पासून जपानने अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांवर स्वतःहून मर्यादा घातली. जपानी कंपन्या महागड्या गाड्यांकडे वळल्या, तळाची स्वस्त जागा रिकामी झाली आणि एक्सेल तिथे घुसली. उलट सागा बाजारात आली आणि दोनच महिन्यांत, सप्टेंबर १९८५ च्या प्लाझा करारानंतर, येन झपाट्याने महागला. प्रोटॉनचे बरेचसे भाग जपानहून येत होते आणि कर्जही येनमध्ये होतं. त्यात मलेशियात मंदी. हे खरोखरच दुर्दैव होतं, आणि ते तसंच लिहा.

मग विचारा: येन महाग झाला तो दोघांसाठी, तर चटका एकालाच जास्त का बसला? कारण देशी भागांची सक्ती कोरियात सत्तरच्या दशकातच झाली होती. एकाच धक्क्याला दोन देशांनी कसा प्रतिसाद दिला, हे दाखवणारा परिच्छेद तौलनिक निबंधात सोन्याचा असतो, कारण तिथे समांतर वर्णन करायला जागाच उरत नाही. तुमच्या जोडीत असा समान धक्का शोधा. १९७३ चं तेलसंकट, १९८५ चा येन, १९९७ चं आशियाई संकट यांपैकी एखादा सापडतोच.

तिसरं स्पष्टीकरण बहुतेकांना सुचतं: कोरियात हुकूमशाही होती म्हणून जमलं. ते लिहिणार असाल तर १९८० ची गोष्ट आधी वाचा. लष्करी सरकारने ह्युंदाईला जनरल मोटर्सच्या भागीदारीतल्या कंपनीत विलीन व्हायला फर्मावलं होतं, आणि ह्युंदाईने व जनरल मोटर्सने ते होऊ दिलं नाही. हुकूमशहाचं सगळंच चालत होतं असं नाही.

गाळायचं काय

पेरोदुआ ही मलेशियाची दुसरी राष्ट्रीय कंपनी १९९३ मध्ये दाइहात्सुच्या साथीने निघाली आणि पुढे घरच्या बाजारात तिने प्रोटॉनला मागे टाकलं. म्हणजे ‘शेजारचा वेंडर’ उशिरा का होईना आला! तिला आत घ्यायचा मोह होतो. मी एक ओळ देतो, परिच्छेद देत नाही. तीही मुख्यतः संरक्षित बाजारातच विकत होती, त्यामुळे आपल्या मापावर ती फारसं काही सिद्ध करत नाही, आणि सविस्तर घेतली तर निबंध तीन कंपन्यांचा होऊन बसतो. १९९७ मध्ये किया बुडाली आणि पुढच्या वर्षी ह्युंदाईकडे गेली, त्याचंही तसंच. मात्र कोरियन कंपन्यांचं कर्ज बेसुमार होतं, हे एका वाक्यात यायला हवं.

निष्कर्ष आणि भारताचा मोह

निष्कर्षात प्रबंधवाक्य पुन्हा लिहू नका. आपलं म्हणणं कुठपर्यंत लागू होतं, तेवढं लिहा: हा युक्तिवाद एका उद्योगाचा आहे, त्यात निर्यात हे माप आहे, आणि मोटारीसारख्या, वेंडरांच्या साखळीवर चालणाऱ्या उद्योगात तो जास्त पटतो. पोलाद किंवा चिप यांबद्दल तो तसाच खरा असेल, असं म्हणायला तुमच्याकडे पुरावा नाही.

प्रश्नात भारत विचारला नसेल तर भारतावर पानभर लिहू नका. ‘भारताने यातून धडा घ्यावा’ हे वाक्य तर कुठल्याही निबंधाच्या शेवटी चिकटतं. विचारला असेल तर धडा देण्याऐवजी युक्तिवाद तपासून पाहा. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने मोटार आणि सुट्या भागांसाठी २५,९३८ कोटी रुपयांची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना मंजूर केली. त्यात पैसे आधी मिळत नाहीत. ठरलेल्या उत्पादनांची विक्री वाढल्यावर मिळतात, आणि उत्पादनात किमान ५० टक्के देशी मूल्यवर्धन लागतं. म्हणजे अट आहे, आणि लाभार्थी कंपन्याही एकापेक्षा जास्त आहेत. पण विक्री घरच्या बाजारात झाली तरी ती मोजली जाते. आपल्या प्रबंधवाक्यानुसार यातून काय घडायला हवं, ते चार ओळींत लिहा आणि कोणता आकडा पाहिल्यावर तुम्ही चुकीचे ठराल तेही सांगा.

शेवटी ते हायलाइटर पुन्हा काढायचे असतील तर या मसुद्यावर नव्हे, दोन दिवसांनी छापील प्रतीवर काढा. स्क्रीनवर स्वतःची समांतर वाक्यं दिसत नाहीत. छापील कागदावर पिवळ्याचा सलग अर्धं पानभर पट्टा दिसला, तर त्या पट्ट्याच्या मधोमध दुसऱ्या देशाचं एक वाक्य घालता येतं का पाहा. येत नसेल तर तो पट्टा बहुधा कापायचाच असतो.